एका मसुद्याची तीन रूपे : प्रस्तावना

पुढील पानांवर बहुतेक छायाचित्रांखाली चित्रओळीचा एक कच्चा मसुदा आणि त्याच मसुद्याची तीन पुनर्लेखने दिलेली आहेत; पहिले मितभाषी, दुसरे भावपूर्ण आणि तिसरे नर्मविनोदी. प्रथमदर्शनी वाचकाचा असा ग्रह होण्याचा संभव आहे की, मसुद्यातील वाक्य तेच ठेवून त्यावर हळवी विशेषणे चढविली की ते भावपूर्ण होते, एखादी कोटी जोडली की विनोदी होते आणि निम्मे शब्द खोडले की मितभाषी होते. वृत्तपत्राच्या संपादकीय विभागात नव्याने रुजू झालेले तरुण बहुधा याच समजुतीने लेखणी उचलतात, आणि अंक छापून हाती आल्यावर तिन्ही प्रकारच्या ओळी सारख्याच निर्जीव का वाटतात याचे कारण त्यांना उमगत नाही. माझ्या मते ओळीचा सूर विशेषणांत नसतोच. चित्राविषयी ठाऊक असलेल्या तपशिलांपैकी कोणता तपशील लेखकाने उचलला, तो वाक्याच्या आरंभी ठेवला की अखेरीस, आणि कोणता न बोलता वाचकाच्या डोळ्यांवर सोपविला, या तीन निर्णयांत तो असतो. हे विधान सामान्य स्वरूपात पटवून देण्यापेक्षा या पुस्तिकेतील पहिलेच छायाचित्र घेऊन, त्याच्या मसुद्यापासून तिन्ही ओळींपर्यंतचा प्रवास खाडाखोडीसह मांडणे मला अधिक उचित वाटते.

हे छायाचित्र नागपूरच्या इतवारीतील, तान्हा पोळ्याच्या दिवशीचे आहे. श्रावणी अमावास्येला पोळा होतो. त्या दिवशी बैलांच्या मानेवर जू ठेवले जात नाही, त्यांना न्हाऊ घालून, शिंगे रंगवून, झुली घालून मिरविले जाते. त्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात मुलांचा पोळा भरतो, तोच तान्हा पोळा; नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघुजींच्या काळापासून तो चालत आला आहे अशी येथील परंपरा सांगते. चाकांच्या फळीवर उभा केलेला लाकडी बैल, ज्याला घरोघर नंदी म्हणतात, तो सजवून, दोरीने ओढत मुले शेजारीपाजारी नेतात, आणि घरातील वडीलधारी माणसे त्या नंदीला ओवाळून मुलांच्या हातावर बोजारा म्हणून काही पैसे किंवा खाऊ ठेवतात. याच दिवशी इतवारीच्या परिसरातून काळ्या आणि पिवळ्या मारबतीची मिरवणूकही निघते. काळीची परंपरा १८८१ पासूनची आणि पिवळीची १८८५ पासूनची सांगितली जाते. रोगराई आणि इडापिडा आपल्याबरोबर घेऊन जाण्याची हाक देत लोक या प्रचंड पुतळ्यांना गावाबाहेर नेतात व त्यांचे दहन करतात. नागपुरातील वाचकाला यातले काहीच सांगावे लागत नाही. सातारा किंवा रत्नागिरीच्या वाचकाला मात्र पोळा माहीत असला तरी तान्हा पोळा माहीत असेलच असे नाही. हा भेद पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

छायाचित्रात एका जुन्या घराची दगडी पायरी दिसते. पायरीवर एक वृद्ध गृहस्थ बसले असून त्यांच्या उजव्या हातात नंदीचे निखळलेले लाकडी चाक आहे आणि डाव्या हाताने त्यांनी आडव्या केलेल्या नंदीची फळी गुडघ्यावर दाबून धरली आहे. शेजारी पाच-सहा वर्षांचा मुलगा, धोतर नेसून आणि डोक्याला फेटा बांधून, नंदीची दोरी मुठीत घट्ट धरून उभा आहे. त्याची नजर चाकावर आहे. चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात, रस्त्यावरच्या गर्दीच्या डोक्यांवरून, पिवळ्या मारबतीचा अस्पष्ट खांदा आणि एक हात तेवढा दिसतो. छायाचित्रकाराने चौकशी करून एवढे लिहून आणले आहे की, वृद्ध गृहस्थ हे मुलाचे आजोबा असून हा नंदी त्यांनी मुलाच्या वडिलांच्या लहानपणी सुताराकडून घडवून घेतला होता.

मसुदा लिहिण्यापूर्वी या सामग्रीची विभागणी करून घेणे अगत्याचे असते, आणि ती मनातल्या मनात न करता कागदावर करावी असा माझा आग्रह आहे. जे डोळ्यांना दिसते ते एका रकान्यात लिहावे. जे कोणी सांगितले आणि ज्याची रुजुवात करता येते ते दुसऱ्यात. आणि जे आपल्याला वाटते ते तिसऱ्यात. चाक, पायरी, दोरी, नजर आणि मागची मारबत हे पहिल्या रकान्यात येतील. नाते, दिवस, ठिकाण आणि नंदी वडिलांचा असल्याची माहिती दुसऱ्या रकान्यात येईल. मुलाला चिंता वाटते आहे, आजोबांना आपल्या मुलाचे बालपण आठवते आहे, मिरवणूक निघून जाईल म्हणून घाई झाली आहे, हे सारे तिसऱ्या रकान्यातले होय. तिसरा रकाना लिहिण्यास हरकत नाही, किंबहुना तो लिहून काढल्याने मनातील भाबडेपणा कागदावर उतरतो आणि त्याच्याकडे परकेपणाने पाहता येते. परंतु छापावयाच्या ओळीत त्यातील एकही शब्द जाता कामा नये. ‘आजोबा’ हा शब्दसुद्धा वस्तुतः दुसऱ्या रकान्यातला आहे. चित्रात फक्त एक वृद्ध आणि एक मूल दिसते. छायाचित्रकाराने विचारले नसते तर आपल्याला ‘वयोवृद्ध गृहस्थ’ एवढेच लिहिण्याची मुभा राहिली असती. शेजारच्या काकांना मुलाचे आजोबा ठरविल्याबद्दल दुसऱ्या दिवशी क्षमायाचना छापण्याची पाळी वृत्तपत्रांवर याच एका कारणाने येत असते.

पहिल्या दोन रकान्यांतून जो मसुदा तयार झाला तो असा : ‘तान्हा पोळ्याच्या दिवशी इतवारीतील एका घराच्या पायरीवर नातवाच्या लाकडी नंदीचे निखळलेले चाक बसविताना आजोबा. नंदीची दोरी धरून शेजारी उभा असलेला नातू. हा नंदी मुलाच्या वडिलांच्या लहानपणी घडविलेला आहे. मागे पिवळ्या मारबतीची मिरवणूक.’

या मसुद्यात दोष नाही आणि सूरही नाही. मसुद्याकडून अपेक्षा एवढीच असते. मात्र त्याची घडण लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. ‘बसविताना आजोबा’ ही आपल्या वृत्तपत्रांची परंपरागत चित्रओळ होय : उद्घाटन करताना मंत्री, सत्कार स्वीकारताना अध्यक्ष, शेजारी मान्यवर, डावीकडून अमुक आणि तमुक. ‘ताना’ने अंत पावणाऱ्या या रचनेत क्रियापद पूर्ण होत नाही, क्रिया चालू असल्याचे सांगून वाक्य तेथेच थांबते आणि कर्ता शेवटी उभा राहतो. सभा-समारंभाच्या छायाचित्राला ही रचना सोयीची असते, कारण तेथे वाचकाला कोण हेच पाहावयाचे असते. ज्या चित्रात काय घडते आहे आणि कोण कोठे पाहतो आहे याला महत्त्व आहे, तेथे तीच रचना सर्व तपशिलांना एकाच उंचीवर आणून बसविते. चाक, दोरी, नातू आणि मारबत हे सारे ‘शेजारी मान्यवर’ होऊन जातात. म्हणून पुनर्लेखन करताना पहिला प्रश्न शब्दांचा नसून या सारख्या उंचीवर बसलेल्या तपशिलांपैकी कोणाला उभे करावयाचे हा आहे.

तिन्ही रूपांत आरंभ मितभाषी रूपापासून करावा, असे माझे मत आहे. या पुस्तिकेच्या संकलनकर्त्यांनीही तोच क्रम स्वीकारला आहे, कारण या रूपाच्या निमित्ताने चित्राला खरोखर कशाची उणीव आहे ते प्रथमच स्पष्ट होते. कृती सोपी आहे. मसुदा हाताने झाकावा, केवळ चित्र पाहावे, आणि डोळ्यांनी जे आपोआप कळले ते मसुद्यातून खोडीत जावे. चाक निखळले आहे हे दिसते; ते गेले. पायरी दिसते, दोरी दिसते, शेजारी उभे राहणे दिसते, तेही गेले. मारबत नागपूरकराला खांद्यावरून ओळखता येते, तीही गेली. एवढे खोडल्यावर जे उरते ते असे : ‘तान्हा पोळा, इतवारी. नंदी वडिलांचा.’

या पाच शब्दांतील अखेरच्या दोन शब्दांवर साऱ्या ओळीचा भार आहे. वाचक प्रथम चित्र पाहतो, तेव्हा त्याला एक म्हातारा आणि एक मूल अशा दोन पिढ्या दिसतात. ‘नंदी वडिलांचा’ हे शब्द वाचताच चित्रात नसलेली मधली पिढी तेथे येऊन उभी राहते, आणि वाचक पुन्हा चित्राकडे वळतो. मितभाषी ओळीची खरी कसोटी हीच की तिने वाचकाला परत चित्राकडे पाठविले पाहिजे. त्याऐवजी ‘आजोबा, नातू आणि नंदी’ असे लिहिले असते तर शब्द चारच झाले असते, परंतु ते डोळ्यांनी आधीच वाचून टाकलेले होते. याहून अधिक प्रचलित चूक निराळी आहे. पुष्कळ लेखक मितभाषी ओळ म्हणून ‘वारसा’, ‘बालपण’ किंवा ‘ऋणानुबंध’ असा एकच भाववाचक शब्द चित्राखाली ठेवतात आणि थोडक्यात बरेच काही सांगितल्याचे समाधान मानतात. असा शब्द लांबीने लहान असतो, पण वृत्तीने तो मितभाषी नसतो. तो भावपूर्ण ओळीचा निष्कर्ष असतो, ज्याच्यामागचा पुरावा कापून टाकलेला आहे. ‘वारसा’ ही ओळ कोणत्याही आजोबा-नातवाच्या, कोणत्याही वाड्याच्या, कोणत्याही दागिन्याच्या चित्राखाली तितक्याच सहजतेने बसते. जी ओळ उचलून दुसऱ्या चित्राखाली ठेवता येते ती त्या चित्राची नव्हे, ही परीक्षा तिन्ही सुरांना लावावी. पण मितभाषी सुराला ती सर्वांत कठोरपणे लावावी लागते.

येथे एक मर्यादा सांगून ठेवतो. मितभाषी म्हणजे सर्वांत कमी शब्दांची ओळ असे समीकरण नाही. वाचकाला जे ठाऊक नाही तेवढेच सांगणारी ती मितभाषी ओळ, आणि म्हणून वाचक बदलला की तिची लांबी बदलते. दुसऱ्या दिवशीच्या नागपूरच्या अंकात सन लिहिण्याची गरज नाही. तेच चित्र कुटुंबाच्या संग्रहात चिकटवावयाचे असेल तर सन हवा आणि तिघांची नावे हवीत, कारण पन्नास वर्षांनी ते चित्र पाहणाऱ्याला ‘वडिलांचा’ म्हणजे कोणाच्या वडिलांचा हे सांगणारे कोणी उरलेले नसेल. परदेशी स्थायिक झालेल्या नातलगांकडे ते पाठवावयाचे असेल, आणि तेथे वाढलेल्या मुलांनी लाकडी नंदी कधी पाहिलेला नसेल, तर ‘मुलांचा पोळा’ एवढा खुलासा ओळीत यावाच लागतो, आणि तो आला म्हणून ओळीचा संयम ढळत नाही.

भावपूर्ण रूपाविषयी मला अधिक विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण हा सूर आपल्या भाषेला सर्वांत प्रिय आहे आणि त्याचाच सर्वाधिक अपव्यय होतो. मसुद्यावरून पहिल्या झटक्यात जी भावपूर्ण ओळ उतरते ती बहुधा अशी असते : ‘आजोबांच्या थरथरत्या हातांतून पाझरणारे वात्सल्य आणि नातवाच्या निरागस डोळ्यांतील आतुरता, काळाच्या ओघात हरवत चाललेल्या नात्यांचा हा हृद्य क्षण.’ ही ओळ तपासून पाहावी. स्थिर छायाचित्रात हात थरथरत असल्याचे दिसू शकत नाही. वात्सल्य, आतुरता आणि हृद्यता ही वाचकाच्या मनात उत्पन्न व्हावयाची होती; ती लेखकाने आधीच उपभोगून त्यांची यादी छापली आहे. नाती हरवत चालली आहेत हा निर्णय तर सर्वस्वी तिसऱ्या रकान्यातला आहे, आणि समोरचे चित्र त्याच्या नेमके उलट सांगते आहे, कारण येथे कोणीच हरवलेले नाही. सबंध ओळीत नंदी नाही, चाक नाही, इतवारी नाही. जो एक तपशील या चित्राला इतर हजार चित्रांपासून वेगळे करतो तोच लेखकाने वगळला आहे.

भावनेची ओळ लिहिताना भावनेचे नाव घेऊ नये आणि ज्या वस्तूमुळे ती भावना उत्पन्न झाली तिचे नाव घ्यावे, ही पहिली पायरी. दुसरी पायरी अशी की दोन तपशील एकमेकांसमोर उभे करावेत, ज्यांच्यामधील अंतर वाचकाला स्वतः ओलांडावे लागेल. या चित्रात ती जोडी आयतीच मिळते. रस्त्यावरून वर्षातून एकदा निघणारी मिरवणूक चालली आहे, जिच्यासाठी सारे शहर रस्त्यावर आलेले आहे. आणि मुलगा तिच्याकडे पाहत नाही. हे पहिल्या रकान्यातले सत्य आहे, कोणालाही चित्रावर बोट ठेवून दाखविता येते. म्हणून दुसरा प्रयत्न असा झाला : ‘दारावरून मारबत चालली आहे. नातवाची नजर आजोबांच्या हातातील चाकावर आहे.’ आता त्यात दुसऱ्या रकान्यातील नंदीची हकीकत मिसळावयाची. ती अखेरीस ठेवली तर ओळ मितभाषी रूपाकडे झुकते आणि नजर मागे पडते. म्हणून ती आरंभी घेतली आणि नजर शेवटी ठेवली. तयार झालेले रूप असे : ‘मुलासाठी घडवून घेतलेल्या नंदीचे चाक आजोबा आता नातवासाठी बसवीत आहेत. दारावरून मारबत चालली आहे. नातवाची नजर चाकावर आहे. तान्हा पोळा, इतवारी.’ यात एकही भाववाचक नाम नाही. ‘ताना’ची रचना सोडून क्रियापदे पूर्ण केली आहेत, कारण मुलाचे पाहणे ही आता बाजूची बाब राहिलेली नसून वाक्याचा विषय झालेली आहे. ‘आता’ हा एकच अव्ययशब्द दोन पिढ्यांमधील काळ वाहून नेतो; तो काढून पाहावा, म्हणजे ओळ किती कोसळते ते ध्यानात येईल.

या टप्प्यावर एक मोह हमखास उत्पन्न होतो. ‘दोन्ही वेळा चाक आजोबांनीच बसविले’ असे लिहिता आले असते तर ओळ किती परिपूर्ण झाली असती! परंतु पूर्वी कधी चाक निखळले होते, किंवा ते कोणी बसविले, हे कोणी सांगितलेले नाही. भावपूर्ण ओळीतील असत्य बहुतेक वेळा असेच जन्माला येते. ते द्वेषाने किंवा आळसाने येत नाही, सौष्ठवाच्या ओढीने येते, आणि म्हणूनच ते ओळखणे अवघड जाते. याचा जगप्रसिद्ध दाखला अमेरिकेतील आहे. डोरोथिया लँग या छायाचित्रकर्तीने १९३६ साली कॅलिफोर्नियातील निपोमो येथे वाटाण्याच्या शेतमजुरांच्या तळावर एका आईचे मुलांसह छायाचित्र घेतले, जे पुढे त्या देशातील मंदीच्या काळाचे प्रतीक होऊन बसले. सुमारे चोवीस वर्षांनी त्या प्रसंगाची आठवण लिहिताना लँगबाईंनी नमूद केले की, त्या बाईने अन्नासाठी नुकतेच मोटारीचे टायर विकले होते. पुढे ती माता, फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन, आणि तिचे कुटुंबीय यांनी या हकीकतीला हरकत घेतली. टायर विकल्याची गोष्ट मुळीच घडलेली नव्हती असे त्यांच्या मुलाने सांगितले. लँगबाईंनी मुद्दाम खोटे लिहिले असे मी समजत नाही. दुसऱ्या एखाद्या कुटुंबाची हकीकत स्मृतीत या चित्राला येऊन चिकटली असणे अगदी शक्य आहे. पण ज्या चेहऱ्याला कोणत्याही साहाय्याची गरज नव्हती त्या चेहऱ्याशी एक न घडलेली विक्री कायमची जोडली गेली, आणि त्या बाईला उतारवयात आपल्याच दारिद्र्याच्या तपशिलाची दुरुस्ती करीत बसावे लागले. आमच्या चाकाची गोष्ट त्या मानाने क्षुल्लक आहे. नियम मात्र तोच लागू होतो. छायाचित्रकाराने पुन्हा इतवारीत जाऊन आजोबांना विचारावे, त्यांनी होकार दिला तर वाक्य घालावे, नपेक्षा ते खोडावे.

विनोदी रूप सर्वांत शेवटी लिहावे, कारण विनोद ज्या वस्तुस्थितीला कलाटणी देतो ती आधी पक्की हातात असावी लागते. नागपूरच्या लेखकाला या सुराचे शिक्षण घेण्यासाठी लांब जाण्याची आवश्यकता नाही. मारबतीच्या मिरवणुकीत तिच्याबरोबर बडगे निघतात. बांबू, कागद, जुने कपडे यांचे पुरुषाकृती पुतळे, ज्यांच्या अंगावर त्या वर्षीच्या महागाईवर, भ्रष्टाचारावर, पुढाऱ्यांच्या करणीवर टीका करणारे फलक लावलेले असतात. बडग्या हे चित्र आणि त्यावरचा फलक ही त्याची ओळ, असे मानून कोणी त्या फलकांकडे पाहील तर त्याला दोन गोष्टी दिसतील. पहिली अशी की फलकाचा निशाणा सत्ता किंवा संकट हा असतो. पुतळा पाहण्यास आलेल्या गरीब माणसाची टिंगल बडग्याच्या अंगावर कोणी लिहीत नाही. दुसरी अशी की फलक चालत्या मिरवणुकीत वाचावयाचा असल्यामुळे त्याला स्पष्टीकरणाची जागाच नसते; समजला तर क्षणात समजतो, नाही तर तो पुढे निघून जातो.

या दोन कसोट्या घेऊन आमच्या मसुद्याकडे वळू. पहिल्या प्रयत्नात ‘नंदी पंक्चर!’ अशी ओळ सुचली. लाकडी चाकात हवा नसते. वस्तूच्या स्वभावाला सोडून केलेली कोटी ऐकणाऱ्याला हसविण्याऐवजी चपापायला लावते. दुसऱ्या प्रयत्नात ‘नागपूरच्या खड्ड्यांनी नंदीलाही सोडले नाही’ अशी ओळ आली. ती ऐकायला खटकेबाज आहे आणि निशाणाही सत्तेवर धरलेला आहे. तरीही ती नाकारावी लागते. चाक खड्ड्यामुळे निखळले असे कोणी म्हटलेले नाही, चित्रात खड्डा दिसत नाही, आणि हीच ओळ पावसाळ्यात कोणत्याही मोडलेल्या वाहनाखाली घालता येते. तिसऱ्या प्रयत्नात आजोबांच्या चष्म्यावर आणि मुलाच्या सैल धोतरावर काहीसे लिहिले गेले, ते येथे उद्धृत करीत नाही. चित्रातील माणसांनी विश्वासाने छायाचित्र काढू दिले आहे आणि त्यांच्या अंगावर हसणे हे त्या विश्वासाला धरून होणार नाही.

मग कलाटणी कोठे आहे? ती चित्रात शोधून सापडत नाही, पंचांगात सापडते. आदल्या दिवशी पोळा होता आणि पोळ्याला बैल काम करीत नाही. त्यावरून ओळ जुळली : ‘काल खऱ्या बैलांनी सुटी घेतली, आज लाकडी बैलाच्या चाकाने घेतली. तान्हा पोळा, इतवारी.’ येथे हसू चाकावर आहे, माणसांवर नाही. दोन्ही वाक्यखंडांतील विधाने खरी आहेत. आणि दुसऱ्या खंडातील ‘चाकाने’ हा अनपेक्षित शब्द शक्य तितका उशिरा येतो. हाच मजकूर ‘लाकडी बैलाच्या चाकाने आज सुटी घेतली, कारण काल खरे बैल सुटीवर होते’ असा उलटा लिहून पाहावा. शब्द जवळपास तेच राहतात, पण गंमत आधीच खर्च होऊन जाते आणि उरलेले वाक्य तिचे कारण सांगत बसते. मराठीच्या वाक्यरचनेत क्रियापद शेवटी येत असल्याने, समान क्रियापदाचे दोन खंड एकापुढे एक ठेवून कर्ता बदलण्याची ही रीत विनोदी ओळीला विशेष मानवते.

या ओळीची मर्यादाही मान्य केली पाहिजे. पोळ्याला बैल विसावतो हे ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी ती मूक आहे. अशा वाचकासाठी विनोदाच्या पोटात खुलासा कोंबू नये. ‘तान्हा पोळा, इतवारी’ या तपशिलाच्या भागाला पुढे वाढवून तेथे ‘पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा मुलांचा सण’ एवढे सांगावे. तेवढ्यानेही भागत नसेल तर त्या वाचकासाठी विनोदी रूप निवडूच नये आणि दुसरे दोन सूर हाताशी आहेतच.

तीन सूर उपलब्ध आहेत म्हणून प्रत्येक चित्राला तिन्ही लागू होतातच असे मात्र नाही, आणि या पुस्तिकेत काही चित्रांखाली दोनच किंवा एकच ओळ आढळेल, त्याचा खुलासा येथेच करणे आवश्यक आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा जेथे घेतली त्या दीक्षाभूमीवर दर वर्षी जमणाऱ्या जनसमुदायाचे एक चित्र आत आहे. दूरच्या प्रवासाने थकलेली एक वृद्धा आपल्या गाठोड्याला टेकून बसली आहे. तिच्याखाली विनोदी ओळ लिहिण्याचा विचार कोणाच्या मनात येणार नाही हे उघड आहे. भावपूर्ण ओळही तेथे गैरलागू ठरते, ही गोष्ट तितकी उघड नाही. ‘श्रद्धेपुढे थकवा हरला’ अशा धर्तीची ओळ लिहिताच लेखक तिच्या अंतःकरणाविषयी साक्ष देऊ लागतो, जी देण्याचा अधिकार त्याला कोणी दिलेला नाही, आणि जी स्वाभिमानासाठी येथे आली तिला तो अभावितपणे करुणेचा विषय करून टाकतो. तेथे केवळ स्थळ, दिवस आणि ती ज्या गावाहून आली त्या गावाचे नाव दिलेले आहे. तिने आपल्या तोंडाने काही सांगितले असते तर ते तिच्याच शब्दांत, तिच्याच बोलीत, अवतरणात देणे हा चौथा मार्ग होता. लँगबाईंनी पॉल टेलर यांच्यासह १९३९ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात विस्थापित शेतकऱ्यांची स्वतःची वाक्ये चित्रांखाली देऊन तो अवलंबिलेला आहे. परंतु आमच्या छायाचित्रकाराने तिला केवळ गाव विचारले होते, म्हणून गावावर थांबावे लागले.

अभ्यासासाठी ही पुस्तिका हाती घेणाऱ्यांना कार्यपद्धतीविषयी दोन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली अशी की प्रत्येक रूप लिहिताना मूळ मसुद्याकडे परत जावे. भावपूर्ण ओळ संपवून तिच्यावरूनच विनोदी ओळ बेतण्याचा प्रयत्न करू नये. आधीच्या ओळीत जो तपशील उभा केला होता तो नकळत पुढच्या ओळीतही उभाच राहतो, आणि मग दोन सुरांत सांगितलेली एकच ओळ हाती येते. आमच्या तिन्ही रूपांची तुलना केल्यास दिसेल की मितभाषी ओळीत नंदीची मालकी उभी आहे, भावपूर्ण ओळीत नजर उभी आहे आणि विनोदी ओळीत चाक उभे आहे. एकाच्या जागी दुसरे आलेले नाही. दुसरी सूचना अशी की तिन्ही ओळी तयार झाल्यावर त्या पुन्हा पहिल्या दोन रकान्यांशी ताडून पाहाव्यात. तीन ओळींत दिवस, ठिकाण किंवा नाते यांबाबत एका अक्षराची विसंगती राहिली तर पुनर्लेखनाच्या कोणत्या तरी टप्प्यावर कल्पनेने तपशिलाची जागा घेतली आहे असे निश्चित समजावे. घाईच्या वेळी मी स्वतः ही तपासणी ओळी मोठ्याने वाचून, दुसऱ्या कोणाला तरी रकाने समोर धरायला सांगून करीत असे. कारण आपली ओळ आपल्या डोळ्यांना फार लवकर खरी वाटू लागते.

कच्चा मसुदा अंतिम ओळ छापल्यावर टाकून देण्याची रूढी सोडावी. छापील प्रतीच्या पाठीमागे तो मऊ शिसपेन्सिलीने, दाब न देता, कडेच्या बाजूला लिहून ठेवावा. शाईचे पेन किंवा बॉलपेन वापरल्यास डाग किंवा दाबाचा व्रण पुढच्या बाजूला उमटतो. चित्र यंत्रात साठविलेले असेल तर त्याच्याच नावाने मजकुराची वेगळी नोंद दप्तरी ठेवावी, आणि तीत कोणती माहिती कोणी, कोणत्या तारखेला सांगितली हेही लिहावे. दहा वर्षांनी एखाद्या स्मरणिकेसाठी तेच चित्र पुन्हा मागितले जाते, तेव्हा नवा लेखक बहुधा जुनी छापील ओळ समोर ठेवून कामाला लागतो. ती ओळ विनोदी असेल तर तिच्यात नंदी कोणाचा होता याचा उल्लेखही नसतो, आणि आजोबा व नातू हे नाते त्याला चित्राकडे पाहून अंदाजाने लिहावे लागते.